हिअरबाय

ऋषीला ‘पायवाट’मध्ये पहिल्यांदा नेलं तेव्हा तो आत जायला तयार नव्हता. बेलापूरच्या त्या दोन जोडगाळ्यांच्या समोर, रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर तो पाठ करून बसायचा, आणि त्याची बहीण ईश्वरी त्याच्या शेजारी. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि मग एक दिवस त्याचा तोच उठला, रस्ता ओलांडून आत गेला आणि तिथल्या शालनताईंच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसला. तेव्हापासून ती खुर्ची त्याची. विशेष मुलांची शाळा अठराव्या वर्षी संपते. त्यानंतर ही मुलं घरातच राहतात, खिडकीत बसतात, अंगाने वाढत जातात, आणि आईबाप म्हातारे होत जातात. ‘पायवाट’ ही अशा मोठ्या झालेल्या मुलांची दिवसभराची जागा होती. तिथे ती कापडी पिशव्या शिवायची, पणत्या रंगवायची, भांडायची, जेवायची. ऋषी पिशव्यांना नाड्या ओवायचा. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात त्याला जमलेलं आणि आवडलेलं हे पहिलं काम.

म्हणून जागामालकाची मेल आली तेव्हा ईश्वरीला आधी ऋषीच दिसला, आणि मग आपण दुरुस्त केलेल्या मेलमधली चूक.

ती सानपाड्याच्या एका ऑफिसात प्रूफरीडर होती. कंपन्यांचे अहवाल, पत्रकं, मेलचे नमुने असलं इंग्रजी तिच्या हाताखालून जायचं. नंदकिशोर काकांचा फोन आला तेव्हा ती एका बँकेच्या माहितीपत्रकातले स्वल्पविराम तपासत होती.

“ईश्वरी, मेल आलीय रणजीत शिंद्यांची,” काका म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येईना. “मुदत संपली की जागा खाली करा म्हणतात. आपण नूतनीकरण मागितलंच नाही म्हणे वेळेत.”

“असं कसं? आपण तर कळवायच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी मेल पाठवलीय.”

“तेच तर. त्या मेलमध्ये आपण फक्त इच्छा व्यक्त केलीय, असं लिहिलंय त्यांनी. हक्क बजावलेला नाही. मला काही कळत नाही गं. तुला पाठवतो, तू वाच.”

तिने वाचलं. मग आपलीच मेल उघडली आणि काकांच्या मूळ मसुद्याशेजारी ठेवून वाचली.

नंदकिशोर पाटणकर ‘पायवाट’ केंद्राचे सचिव. सगळी हयात सरकारी नोकरीत गेलेली, मूळचे चिपळूणचे, आणि लिहायला बसले की त्यांच्या लेखणीत जुना साहेब संचारायचा. त्यांच्या इंग्रजीची ईश्वरी कधी थट्टा करायची नाही, पण केंद्राची प्रत्येक मेल पाठवण्याआधी ती नजरेखालून घालते, हे ठरूनच गेलं होतं. काकांनाही ते आवडायचं. “तू हात फिरवलास की कसं टवटवीत दिसतं,” ते म्हणायचे.

भाडेकरार तीन वर्षांचा होता, आणि त्यात एक कलम होतं: मुदत संपण्याच्या तीन महिने आधी लेखी कळवलं, मेलनेही चालेल, तर ‘पायवाट’ला आणखी तीन वर्षांचा करार वाढवून घेण्याचा हक्क आहे. हक्क, म्हणजे मालकाने हो म्हणायची गरज नाही. काकांनी कच्चा मसुदा केला तो असा: ‘विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट, प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ द रिझोल्यूशन ऑफ अवर कमिटी. वी हिअरबाय एक्सरसाइज अवर ऑप्शन टु रिन्यू द लीज.’ म्हणजे, समितीचा ठराव यासोबत जोडला आहे, आणि करार वाढवण्याचा आमचा पर्याय आम्ही याद्वारे वापरत आहोत.

ते वाचून ईश्वरी हसली होती. “काका, ‘हिअरविथ’ म्हणजे ‘यासोबत’. अटॅच्ड म्हटलं की सोबत आलंच ना? सोबत सोबत जोडलंय असं होतं ते.”

“आमच्याकडे असंच लिहायचे,” काका म्हणाले होते. “‘यासोबत जोडले आहे’, ‘याद्वारे कळविण्यात येते’. त्याशिवाय पत्राला पत्र म्हणत नसत.”

तिने ‘हिअरविथ’ काढलं. त्यात काही चुकलं नाही. तो शब्द नसता तरी जोडपत्र जोडलेलंच राहिलं असतं. मग तिची नजर ‘हिअरबाय’वर गेली आणि तिने तोही काढला. उरलं ‘वी एक्सरसाइज अवर ऑप्शन’. ते तिला बोडकं वाटलं, जणू कुणी व्यायामाबद्दल बोलतंय. तिने क्षणभर विचार केला आणि सगळं वाक्यच मऊ केलं: ‘वी वुड लाइक टु रिन्यू द लीज, अँड लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू.’ आम्हाला करार वाढवायला आवडेल, आपल्या उत्तराची वाट पाहतो. साधं, सरळ, माणसासारखं. ऑफिसात नव्या मुलींना ती हेच शिकवायची. काकांनी वाचून मान डोलावली आणि मेल गेली.

काकांचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आणि काका बेलापूरला अ‍ॅडव्होकेट सई मोहित्यांकडे गेले. सईचा धाकटा भाऊ ‘पायवाट’मध्ये पणत्या रंगवायचा, त्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने करार वाचला, मेल वाचली, पुन्हा करार वाचला. टेबलावरचा चहा तसाच राहिला.

“मुद्दा त्यांचा खोटा नाहीये,” ती म्हणाली. “पर्याय वापरायचा तर तो स्पष्ट वापरावा लागतो. ‘आम्हाला आवडेल’ ही इच्छा झाली. इच्छेला समोरच्याचा होकार लागतो. हक्काला लागत नाही. आणि पुढे तुम्हीच लिहिलंय की उत्तराची वाट बघतो. म्हणजे निर्णय तुम्ही त्यांच्या हातात दिलात.”

“मी ‘हिअरबाय’ काढलं,” ईश्वरी म्हणाली. “सगळं त्यामुळे झालं.”

“नुसतं ‘हिअरबाय’ काढलं असतंत तर काही बिघडलं नसतं. ‘वी एक्सरसाइज अवर ऑप्शन’ एवढं राहिलं असतं तरी पुरे होतं. ‘हिअरबाय’ म्हणजे काय? हे वाक्य लिहिलं, आणि या लिहिण्यानेच ते काम झालं. राजीनामा देतो, नोटीस देतो, हक्क बजावतो. तो शब्द म्हणजे एक खूण असते, इथे काहीतरी घडतंय म्हणून. तुम्ही खूण काढलीत ते ठीक. पण त्याबरोबर घडणंही काढून टाकलंत.”

काका खाली बघत म्हणाले, “मला तरी कुठे माहीत होतं? मी करारातला शब्द उचलला आणि सवयीने पुढे ‘हिअरबाय’ लावला. पोरीने बदललं ते मला जास्त आवडलं. सही माझी आहे.”

“मग आता?” ईश्वरीने विचारलं.

“एक धागा आहे. मेलला समितीचा ठराव जोडलाय, आणि ठरावात स्वच्छ लिहिलंय, पर्याय वापरून करार वाढवायचं ठरलं. मेल आणि ठराव एकत्र वाचावेत असं म्हणता येईल. ते म्हणतील, ठराव हा तुमच्या घरातला निर्णय, आम्हाला दिलेली नोटीस नव्हे. जिंकूच असं मी सांगणार नाही.” ती थांबली. “आधी रणजीतरावांना भेटून बघा. त्यांच्या वडिलांनी जागा आनंदाने दिली होती ना?”

दिली होती. बाबासो शिंदे साताऱ्याकडून बाजारात पाठीवर गोणी वाहायला आले, पुढे कांद्याचे व्यापारी झाले, आणि गाळे घेतले ते लक्ष्मी म्हणून. त्यांच्या पुतण्याचा मुलगा असाच होता, गावी अंधाऱ्या खोलीत वाढला आणि गेला. ‘पायवाट’ला जागा देताना त्यांनी दुसरं काही विचारलं नव्हतं. करारात ते कलम घालायलाही त्यांनीच सांगितलं होतं. मागच्या वर्षी ते वारले आणि गाळे रणजीतच्या नावावर आले.

रणजीत वाशीच्या आपल्या ऑफिसात भेटला. चहा मागवला, काकांना वाकून नमस्कार केला. उर्मट असता तर ईश्वरीला सोपं गेलं असतं.

“बघा काका, मी काय वाईट माणूस नाय,” तो म्हणाला. “पण ती लॅबवाली पार्टी दोन वर्षं मागं लागलीय. दोन्ही गाळे पाहिजेत त्यांना. मी थांबलो होतो, करार आहे म्हणून. तुमची नोटीस आली असती तर गप बसलो असतो. मी वकिलांना दाखवली मेल, ते बोलले, ही नोटीसच नाय. मग मी त्यांना शब्द दिला.”

“साहेब, नोटीसच लिहिली होती काकांनी,” ईश्वरी म्हणाली. “मी बदलली. माझं कामच आहे ते, इंग्रजी सोपं करायचं. चूक पूर्णपणे माझी आहे. माझ्या चुकीची शिक्षा त्या मुलांना नका देऊ. माझा भाऊ तिथे आत पाऊल टाकायला अर्धं वर्ष बाहेर बसला होता. त्याला दुसरी जागा नाही समजत. त्याला ‘शिफ्ट झालो’ म्हणून सांगता येत नाही.”

ती रडणार नव्हती, पण रडली. रणजीतने पेपरवेट हातात घेतला, ठेवला.

“मॅडम, चूक तुमची असेल,” तो हळूच म्हणाला. “पण शब्द मी दिलाय. तुमी मला दुसरं काय पण सांगा. दुसरीकडे जागा बघायला माणूस देतो, टेम्पो देतो.”

 घरी पोचल्यावर आईने विचारलं, काय झालं. ईश्वरीने “बघू” एवढंच सांगितलं. ऋषी जमिनीवर बसून उद्याचा डबा आत्ताच पिशवीत ठेवत होता. हे तो रोज संध्याकाळी करायचा, आणि आई रोज तो रिकामा डबा सकाळी गुपचूप काढून भरायची.

त्यानंतर ईश्वरीचा हातच चालेना. ऑफिसात समोर साधं वाक्य आलं तरी ती घाबरायची. ‘प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हिअरविथ’ असं दिसलं की पूर्वी डोळे मिटून काढलं असतं. आता ती त्याकडे बघत बसायची. काढलं तर कुणाचं काय मोडेल? कुणाच्या घरात एखादा ऋषी असेल? तिने ते तसंच सोडायला सुरुवात केली. सगळंच सोडायला सुरुवात केली. तिच्या वरिष्ठ बाईंनी बोलावून विचारलं, “ईश्वरी, तू वाचतेयस ना? ही चुकीची स्पेलिंगपण राहिलीयत.” तिने ते कागद परत मागून घेतले.

त्याच दुपारी, मीटिंगमध्ये, टेबलाखाली तिचा फोन थरथरला. काकांचा संदेश: ‘रणजीतला मेल लिहिली आहे. एकदा बघ. तासाभरात तुझं काही आलं नाही तर पाठवून देतो.’ खाली मसुदा. तिने तो उघडलाच नाही. बघायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. काकांच्या शब्दाला पुन्हा हात लावायचा नाही. लिहितील ते लिहोत, सही त्यांची. फोन तिने उपडा ठेवला.

पण मीटिंग संपेना, आणि तिच्या मनातून ते जाईना. तो मसुदा न वाचता सोडणं म्हणजे काकांचा मान राखणं नव्हतं, ती नुसती भीती होती, हे तिचं तिला कळत होतं. शेवटी तिने फोन उलटला आणि वाचलं.

काकांनी अगदी मनापासून माफी मागितली होती. आणि मग: ‘वी हिअरबाय विथड्रॉ अवर अर्लियर ईमेल अँड सबमिट हिअरविथ अ फ्रेश नोटिस.’ आमची आधीची मेल आम्ही याद्वारे मागे घेत आहोत आणि यासोबत नवी नोटीस देत आहोत.

तिच्या डोक्यात सईचे शब्द वाजले. लिहिलं, आणि लिहिण्यानेच ते काम झालं. आधीची मेल मागे घेतली, की वेळेत दिलेलं असं हातात काहीच उरत नाही. ठरावही तिच्याबरोबर जातो. आणि नव्या नोटिशीची वेळ तर केव्हाच टळून गेली होती. काका आपल्या हाताने उरलेला एकच धागा तोडायला बसले होते, आणि ‘हिअरबाय’ लावून, अगदी बिनचूक तोडणार होते.

ती खुर्ची सरकवून उठली. कुणीतरी म्हणालं, “काय झालं?” ती जिन्यात येऊन फोन लावत राहिली. काका उचलेनात. पुन्हा. पुन्हा. तास उलटून गेला होता. तिने केंद्राच्या फोनवर लावला. तिथे शालनताई होत्या, मुलांना सांभाळणाऱ्या, बोलायला तिखट आणि हाताने मऊ.

“ताई, काका आहेत का तिथे?”

“हायेत की. आतल्या खोलीत बसलेत कम्प्युटरवर. फोन बाहेर चार्जिंगला लावलाय.”

“ताई, धावत जा. त्यांना मेल पाठवू देऊ नका. हात धरा त्यांचा!”

“अगं पण काय...”

“धरा हात!”

रिसिव्हर आदळल्याचा आवाज आला. मग लांबून शालनताईंचं ओरडणं, कुणाचं तरी रडणं, खुर्ची सरकणं. ईश्वरी जिन्याच्या भिंतीला टेकून, फोन कानाला दाबून उभी होती. पुष्कळ वेळाने काका फोनवर आले.

“ईश्वरी? अगं, काय झालं? ही बाई माझा माऊस घेऊन उभी आहे.”

“पाठवली?”

“नाही अजून. जोडपत्र चढत नव्हतं.”

ती पायरीवरच बसली. “काका, ‘मागे घेतो’ कशाला लिहिलंत?”

“आधीची चुकीची होती ना? चुकीचं पत्र रद्द करून नवं द्यावं, अशी रीत आहे. मला वाटलं...” ते थांबले. त्यांना समजलं असावं. मग म्हाताऱ्याचा आवाज एकदम फाटला. “मी आता काही लिहीतच नाही गं. मला काहीच लिहिता येत नाही.”

“मलाही नाही येत, काका,” ती म्हणाली. “पण आपल्यालाच लिहायचंय. तुम्ही थांबा, मी येते.”

ती मीटिंगला परत गेली नाही. संध्याकाळी तिघं सईकडे बसले, काका, ती आणि सई, आणि एकेक वाक्य धरून विचारत गेले: हे वाक्य काय करतं? नुसतं सांगतं, की मागतं, की देऊन टाकतं? माफीचा परिच्छेद गेला, कारण तो कबुली देत होता. ‘मागे घेतो’ गेलं. उरलं ते थोडकं होतं. आमची मेल आणि तिला जोडलेला ठराव मिळून पर्याय वेळेत वापरला गेला आहे, आणि त्यावर आम्ही ठाम आहोत. सईने ते आपल्या नावाने पाठवलं. त्यात ‘हिअरबाय’ नव्हतं. काकांनी विचारलं, लावायचं का? ईश्वरी म्हणाली, “नको काका. इथे नवीन काही करायचंच नाहीये. झालंय ते धरून ठेवायचंय.” हे ती बोलली आणि तिच्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांनी आपण एका शब्दाबद्दल न घाबरता बोललो.

त्याने फार काही साधलं नाही. रणजीतच्या वकिलाचं उत्तर आलं: आमच्या अशिलाला हे मान्य नाही, तरी वाद टाळण्यासाठी एक वर्ष जादा देऊ, त्यानंतर निमूटपणे जागा सोडायची, तसं लिहून द्यायचं. सईने पालकांना बोलावून दोन्ही बाजू मांडल्या. कोर्टात गेलो तर कदाचित तीन वर्षं मिळतील, कदाचित लगेच बाहेर पडावं लागेल, आणि तोवर दर तारखेला टांगलेले राहू. पालक म्हातारे होते, दमलेले होते.  एका बाईंनी एवढंच विचारलं, “मग वर्षानंतर कुठं?”  वर्ष घ्यायचं ठरलं.

ईश्वरीला दोष कुणी दिला नाही, हेच तिला सोसवत नव्हतं. एकदा ती शालनताईंना म्हणाली, “तुम्ही तरी काही बोला मला.” शालनताई मशीनवर पिशवी फिरवत होत्या. “बोलून जागा मिळत असती तर गल्लीभर ऐकू गेलं असतं माझं,” त्या म्हणाल्या, आणि पायाने मशीन चालवत राहिल्या.

वर्षभर जागा शोधली. कुठे भाडं परवडेना, कुठे सोसायटी ‘असली मुलं’ नको म्हणाली, तेही फार गोड बोलून. शेवटी कामोठ्याला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. सगळी मुलं मावणार नव्हती. बेलापूर-नेरूळकडच्या काहींना रोज तितकं लांब येणंही शक्य नव्हतं. ती घरी बसली. सईचा भाऊ त्यांतलाच एक.

ऋषी नव्या जागी आत गेला नाही. आई आणि ईश्वरीने आळीपाळीने रजा काढल्या, रिक्षाने नेलं, दारापर्यंत नेलं, त्याची जुनी खुर्चीसुद्धा आत नेऊन ठेवली. तो खुर्ची बघायचा आणि ओरडायला लागायचा. एकदा त्याने स्वतःचा हात इतका चावला की टाके घालावे लागले. डॉक्टर म्हणाले, थांबा काही महिने. म्हणून आता तो घरीच असतो, खिडकीशी. संध्याकाळी डबा पिशवीत ठेवायचं त्याने बंद केलं आहे.

दर रविवारी शालनताई कामोठ्याहून येतात. बरोबर न ओवलेल्या पिशव्यांचा गठ्ठा असतो. त्या ऋषीजवळ जमिनीवर बसतात आणि स्वतःच एकेक नाडी ओवत राहतात. पहिले रविवार त्याने वळूनही पाहिलं नाही. परवा त्याने एक पिशवी ओढून घेतली, मांडीवर ठेवली, आणि तासभर नुसती धरून बसला. नाडी त्याने ओवली नाही. ईश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, आणि आई आत कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बारीक करत होती.